ओटीपी साध्या फोनवर, खर्च स्मार्टफोनवर : एपीके फाईलपासून घरची बचत कशी वाचवायची

वेल्हे : पीएम किसानचा हप्ता यायची वेळ झाली की गावागावांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फाईल फिरायला लागते. नाव असतं PM KISAN.apk किंवा तसंच काहीतरी. खाली लिहिलेलं असतं, 'केवायसी अपूर्ण आहे, हप्ता थांबेल, लगेच अ‍ॅप टाका.' कधी ती वाहतूक चलनाच्या नावाने येते, कधी बँकेच्या रिवॉर्ड पॉइंटच्या, तर कधी लग्नपत्रिकेच्या नावाने. नाव बदलतं, काम एकच. फोनमध्ये शिरायचं आणि बँकेचे मेसेज वाचायचे.

'आपण ओटीपी कुणाला सांगत नाही, मग आपल्याला काय होतंय,' असं बरेच जण म्हणतात. पण या प्रकारात ओटीपी विचारायला कुणाचा फोनच येत नाही. फाईल स्वतःच ओटीपी वाचते आणि भामट्याकडे पाठवते. त्यामुळे 'ओटीपी सांगू नका' एवढी सूचना आता पुरत नाही. ओटीपी कुठल्या फोनवर येतो, हेही बघावं लागतं.

दुसरी पायरी म्हणजे नक्की काय?

बँकेच्या ऑनलाइन व्यवहाराला दोन कुलपं असतात. पहिलं कुलूप म्हणजे तुम्हाला माहीत असलेली गोष्ट. त्यात पासवर्ड, पिन किंवा एटीएम कार्डावरचे आकडे येतात. दुसरं कुलूप म्हणजे तुमच्याजवळ असलेली वस्तू, म्हणजे बँकेत नोंदवलेलं सिमकार्ड. बँक त्या सिमवर ओटीपी पाठवते. तो आकडा टाकला की बँक समजते, माणूस खरा आहे. यालाच दोन टप्प्यांची पडताळणी म्हणतात.

ही व्यवस्था चांगली आहे. कुणी तुमच्या कार्डाचा फोटो काढला तरी सिम तुमच्या खिशात असतं, म्हणून पैसे निघत नाहीत. अडचण येते ती दोन्ही कुलपांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात अडकवल्यावर. स्मार्टफोनवर तुम्ही कार्डाचे आकडे भरता, पिन दाबता आणि ओटीपीही त्याच फोनवर येतो. तो एक फोन दुसऱ्याच्या ताब्यात गेला की दोन टप्पे उरत नाहीत. नेमकी हीच फट एपीके फाईल वापरते.

फाईल उघडल्यावर काय घडतं?

एक उदाहरण घेऊ. माणूस काल्पनिक आहे, पण पद्धत रोजची आहे. समजा वेल्हे भागातला एक भातशेतकरी आहे. इंद्रायणीचे आणि दुधाचे मिळून त्याच्या खात्यात ७२,४०० रुपये आहेत. खातं एकच, सिम एकच, फोन एकच. रात्री पावणेनऊला गावच्या ग्रुपवर ओळखीच्या माणसाच्या नंबरावरून फाईल येते. नंबर ओळखीचा, म्हणून तो उघडतो. त्या ओळखीच्या माणसाचा फोन आदल्या दिवशीच भामट्यांच्या ताब्यात गेलेला असतो आणि फाईल त्याच्या नकळत पुढे गेलेली असते, हे त्याला माहीत नसतं.

फोन विचारतो, या जागेवरून आलेलं अ‍ॅप टाकू का? तो होय म्हणतो. अ‍ॅप उघडल्यावर आधी मेसेज वाचायची आणि पाठवायची परवानगी मागतं. पुढे सरकायची घाई असते, म्हणून तो तीही देतो. मग सरकारी चिन्ह लावलेला फॉर्म येतो. नाव, आधार, मोबाइल नंबर आणि शेवटी 'पडताळणीसाठी १ रुपया भरा' असं म्हणून एटीएम कार्डाचा नंबर, कार्डाची मुदत, मागचा तीन आकडी सीव्हीव्ही, कधी कधी पिनसुद्धा. तो सगळं भरतो. 'तुमचा अर्ज स्वीकारला आहे' असं दिसतं. तो फोन चार्जिंगला लावून झोपतो.

आता भामट्याकडे कार्डाचे आकडे आहेत, म्हणजे पहिलं कुलूप उघडलं. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तो त्या कार्डावर ऑनलाइन खरेदी टाकतो. बँक ओटीपी पाठवते. तो शेतकऱ्याच्या फोनवर येतो आणि अ‍ॅप तो त्याच क्षणी पुढे पाठवतं. काही अ‍ॅप स्वतःलाच फोनचं मुख्य मेसेज अ‍ॅप बनवून घेतात. मग बँकेचा मेसेज मालकाला दिसतसुद्धा नाही. पंधरा मिनिटांत १९,५००, १९,८००, १४,९०० आणि ९,६०० असे चार व्यवहार होतात. एकूण ६३,८०० रुपये जातात. खात्यात उरतात ८,६००.

कार्डावर ऑनलाइन खरेदी बंद असली तरी भामट्याला दुसरी वाट असते. यूपीआय सुरू करताना फोनमधल्या सिमवरून बँकेकडे एक मेसेज जावा लागतो. अ‍ॅपकडे मेसेज पाठवायची परवानगी असेल, तर तो मेसेजही शेतकऱ्याच्या सिमवरून पाठवता येतो. मग कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी यांवर नवा यूपीआय पिन बनतो. नव्या फोनवर पहिल्या २४ तासांत ५ हजारांच्या वर रक्कम जाऊ न देण्याची मर्यादा अनेक बँका ठेवतात. पण अ‍ॅप फोनमध्ये तसंच राहिलं तर भामटा दुसऱ्या दिवसाचीही वाट बघतो.

आपल्या भागात यात एक भर पडते. डोंगराच्या आड रेंज जाते. माणूस दिवसभर रानात असतो, मेसेज उशिरा कळतो. कित्येकांना पैसे गेल्याचं पासबुक भरायला बँकेत गेल्यावरच समजतं. तोवर पैसे दोन-चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघालेले असतात.

दोन खाती, दोन सिम

यावरचा उपाय महाग नाही. बहुतेक घरांत बटणांचा एखादा साधा फोन अजून पडून असतो. त्या फोनमध्ये एपीके फाईल चालत नाही. त्यावर आलेला ओटीपी चोरायचा तर माणसाला बोलूनच फसवावं लागतं.

म्हणून घरची शिल्लक ज्या खात्यात आहे, त्या खात्याला साध्या फोनमधल्या सिमचा नंबर जोडून घ्या. रोजच्या खर्चाला, म्हणजे खत, डिझेल, किराणा, रिचार्ज यांना दुसरं लहान खातं ठेवा आणि स्मार्टफोनमधलं सिम फक्त त्याला जोडा. यूपीआयही त्याच लहान खात्यावर चालू ठेवा.

नुसती खाती वेगळी केली आणि नंबर एकच ठेवला तर फायदा होत नाही. यूपीआयचं अ‍ॅप मोबाइल नंबरावरून खातं शोधतं. त्याच नंबरावरची दोन्ही खाती त्याला सापडतात. शिवाय पुष्कळ बँकांत आता कार्डाशिवाय, आधारच्या ओटीपीवरही यूपीआय पिन बनवता येतो. म्हणजे मोठ्या खात्याचं एटीएम कार्ड पेटीत कुलूप लावून ठेवलं तरी नंबर स्मार्टफोनमधला असेल तर वाट उघडीच राहते.

वरच्या शेतकऱ्याचा हिशोब पुन्हा मांडू. त्याने ६६,४०० रुपये साध्या फोनच्या नंबरावरच्या खात्यात ठेवले असते आणि ६,००० रुपये खर्चाच्या खात्यात, तर त्या रात्री जास्तीत जास्त ६,००० गेले असते. चूक तीच, फाईल तीच, पण बियाण्याचे पैसे वाचले असते.

नंबर बदलायला बँकेच्या शाखेत जावं. पासबुक, आधार, पॅन सोबत न्यावं आणि मोबाइल नंबर बदलायचा अर्ज भरावा. त्याच वेळी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. एक, या खात्यावर आधीच यूपीआय किंवा मोबाइल बँकिंग चालू आहे का? असेल तर बंद करून घ्यावं. दोन, नव्या नंबरावर मेसेज येतो का? शाखेतून निघायच्या आधी शंभर रुपये भरून किंवा काढून मेसेज आला की खात्री होते. पीएम किसान, नमो शेतकरी, लाडकी बहीण यांचे हप्ते आधार जोडलेल्या खात्यात येतात. खात्याचा मोबाइल नंबर बदलल्याने ते थांबत नाहीत.

या पद्धतीला एक पथ्य आहे. साध्या फोनमधलं सिम चालू ठेवावं लागतं. रिचार्ज संपून ते महिनोन् महिने बंद पडलं तर कंपनी नंबर काढून घेते आणि पुढे तोच नंबर दुसऱ्याला देते. मग तुमच्या खात्याचे मेसेज अनोळखी माणसाकडे जायला लागतात. म्हणून मुदतीचं रिचार्ज चुकवू नये. नंबर सोडायचाच असेल तर आधी बँकेत बदलून मग सोडावा.

स्मार्टफोनवर तीन बदल

पहिला बदल फाईलच्या वाटेवर. अँड्रॉइड फोनमध्ये Settings उघडा आणि वरच्या शोधाच्या चौकटीत Install unknown apps असं टाका. यादी येईल. त्यात WhatsApp, Chrome आणि Files यांच्यापुढची परवानगी बंद करा. आता ग्रुपवरची एपीके चुकून दाबली तरी फोन ती थेट टाकून घेत नाही. पीएम किसानचं खरं अ‍ॅप PMKISAN GoI या नावाने प्ले स्टोअरवर आहे आणि संकेतस्थळ pmkisan.gov.in आहे. ई-केवायसी तिथे ओटीपीने किंवा चेहरा दाखवून होते, सीएससी केंद्रात बोटाच्या ठशाने होते. यातल्या एकाही ठिकाणी एटीएम कार्डाचा नंबर लागत नाही. जिथे केवायसीसाठी कार्ड मागितलं, तिथे फसवणूक आहे असं समजून थांबावं.

दुसरा बदल एटीएम कार्डावर. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे नवं कार्ड येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन वापर खातेदाराने स्वतः सुरू करावा लागतो. जो माणूस कार्ड फक्त नसरापूर किंवा वेल्ह्याच्या एटीएमवर वापरतो, त्याला ऑनलाइन वापराची गरजच नाही. जुनं कार्ड असेल किंवा कुणी कधी काळी ते सुरू करून दिलं असेल, तर शाखेत सांगून किंवा बँकेच्या अ‍ॅपमधून बंद करता येतं. दिवसाची मर्यादाही तिथेच कमी करता येते.

तिसरा बदल व्हॉट्सअ‍ॅपवर. तुमचा नंबर भामट्याच्या ताब्यात गेला तर पुढची फाईल तुमच्या नावाने गावाला जाते. Settings मध्ये Account आणि त्यात Two-step verification उघडून सहा आकडी पिन ठेवा. मग नुसत्या ओटीपीवर तुमचं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनवर सुरू होत नाही. हा पिन यूपीआयचाच ठेवू नका आणि जन्मसालही नको.

बँकेचा मेसेज खरा की खोटा हे ओळखायलाही एक साधी खूण आहे. बँकेचा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाही, इंग्रजी अक्षरांच्या नावाने येतो. आणि बँकांनी आता आपली संकेतस्थळं .bank.in या शेवटाच्या पत्त्यावर नेली आहेत. लिंकचा शेवट वेगळा दिसला तर उघडू नये. मदतीचा नंबर गुगलवर शोधू नये, कारण तिथेही खोटे नंबर टाकलेले असतात. पासबुकवर किंवा कार्डाच्या मागे छापलेला नंबर वापरावा.

फाईल उघडली गेली तर

अ‍ॅप टाकून झालं आणि मग शंका आली, असंही होतं. अशा वेळी आधी फोनचा Airplane mode चालू करा आणि वायफायही बंद आहे ना बघा. इंटरनेट तुटलं की अ‍ॅपला ओटीपी पुढे पाठवता येत नाही. अ‍ॅप काढण्याच्या खटपटीत वेळ घालवू नका. अशी बरीच अ‍ॅप आपलं चिन्ह लपवतात आणि सहज निघत नाहीत.

मग घरातल्या किंवा शेजारच्या दुसऱ्या फोनवरून दोन कॉल करा. पैसे गेले असतील तर पहिला कॉल १९३० ला. ही केंद्र सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. तिथे नाव, बँक, खाते क्रमांक, गेलेली रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा नंबर विचारतात. माहिती मिळाली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला लगेच कळवलं जातं आणि तिथे शिल्लक असलेली रक्कम रोखली जाते. पैसे खात्यात असेपर्यंतच ते रोखता येतात, एटीएममधून निघाल्यावर नाही. म्हणून सकाळी बघू, असं म्हणू नये. घरात रेंज नसेल तर रेंजच्या जागी जाऊन करावा, पण त्याच रात्री करावा. तक्रारीचा नंबर मिळतो, तो वहीत लिहून ठेवावा. हीच तक्रार cybercrime.gov.in वरही नोंदवता येते.

दुसरा कॉल बँकेला. कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग तिन्ही बंद करायला सांगा. पैसे अजून गेले नसतील तर हाच कॉल आधी करा. दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या आणि एका प्रतीवर शिक्का, तारीख, वेळ घ्या. मग वेल्हे पोलीस ठाण्यात किंवा आपल्या हद्दीतल्या ठाण्यात जा. ग्रुपवरचा तो मेसेज पुसू नका, दुसऱ्या फोनने त्याचे फोटो काढून ठेवा. हे सगळं झाल्यावर फोटो आणि नंबर बाजूला काढून फोन पूर्ण रिसेट करून घ्या. त्यानंतरच नवा पिन आणि नवे पासवर्ड ठेवा. रिसेटच्या आधी त्याच फोनवर पिन बदलला तर तोही चोरीला जाऊ शकतो.

गेलेले पैसे कुणाच्या अंगावर?

पुणेकरांना २०१८ ची कॉसमॉस बँकेची घटना आठवत असेल. ११ आणि १३ ऑगस्टला बँकेच्या यंत्रणेत शिरून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. तिथे घुसखोरी बँकेच्या यंत्रणेत झाली होती, खातेदारांच्या फोनमध्ये नाही. खातेदारांच्या ठेवी सुरक्षित आहेत, असं बँकेने तेव्हा सांगितलं. एपीकेच्या प्रकरणात मात्र दार खातेदाराच्या फोनमधून उघडलेलं असतं. त्यामुळे नुकसान कुणाचं, यावर बँक आणि खातेदार यांच्यात वाद होतो.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला यासाठी परिपत्रक काढलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसंच काढलं. त्यातला हिशोब असा आहे. चूक बँकेची असेल तर खातेदाराला काहीच सोसावं लागत नाही. चूक ना बँकेची ना खातेदाराची असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही पूर्ण रक्कम परत मिळायला हवी. ४ ते ७ दिवस लागले तर साध्या बचत खात्यावर खातेदाराच्या अंगावर जास्तीत जास्त १०,००० रुपये, आणि मूलभूत बचत खात्यावर ५,००० रुपये येतात. त्यानंतर बँकेच्या धोरणावर अवलंबून असतं.

पिन, पासवर्ड किंवा कार्डाची माहिती खातेदाराच्या निष्काळजीपणाने गेली, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. पण कळवल्यानंतर एक रुपयाही गेला तर तो बँकेचा. म्हणून कळवल्याची वेळ कागदावर असणं फार मोलाचं आहे. रात्री अडीचला कॉल झाला आणि तीनला आणखी पैसे गेले, तर ते मागता येतात. शिवाय खातेदाराची चूक होती, हे सिद्ध करायची जबाबदारी परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे. 'तुम्हीच ओटीपी दिला असेल' असं काउंटरवर तोंडी सांगून अर्ज परत केला तर तो घेऊन घरी येऊ नये, लेखी उत्तर मागावं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते.

१९३० मुळे रोखलेली रक्कम आपोआप खात्यात येत नाही. ती ठरलेल्या प्रक्रियेतून परत मिळते, त्याला वेळ लागतो. त्या काळात पेरणी थांबत नाही. म्हणूनच मोठ्या खात्याचा नंबर साध्या फोनवर नेण्याचं काम पुढच्या वेळी बँकेत पासबुक भरायला जाल तेव्हाच उरकून घ्यावं. जाताना दोन्ही खात्यांची पासबुकं, आधार, पॅन आणि तो साधा फोन चार्ज करून सोबत न्यावा.